बिलांची रांग आणि एका जागेची मागणी

चाकण परिसरातील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पुरवठादारांची बिले तपासून ती खात्यात नोंदवण्याचे आणि देयकासाठी पुढे पाठवण्याचे काम माझ्या विभागाकडे आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात विभागात चार जण होते. बिल आल्यापासून पाच कामाच्या दिवसांत त्याचे बुकिंग, म्हणजे खात्यातली नोंद, व्हावे असे आमचे उद्दिष्ट होते, पण प्रत्यक्षात सरासरी अकरा दिवस लागत होते आणि सलग तीन तिमाहींच्या आढाव्यात आमची ओळ लाल रंगात दाखवली गेली होती. प्रत्येक आढाव्यात मी माणूस कमी असल्याचे सांगत असे आणि ते इतिवृत्तात नोंदलेही जात असे. चौथ्या आढाव्यात वित्तप्रमुख म्हणाले, "ताण कोणत्या विभागाला नाही? तुम्ही मला एका जागेचा प्रस्ताव लिहून द्या. पण त्यात ताण हा शब्द नको." त्यानंतर तो प्रस्ताव कसा उभा राहिला आणि त्यातले काय टिकले, हे येथे लिहिते आहे.

काम नेमके किती आहे, हा पहिला प्रश्न होता. महिन्याला सुमारे २,४०० बिले येतात हे संगणकातून लगेच कळले, पण एका बिलाला किती वेळ लागतो हे संगणक सांगत नाही. तो केवळ बिल आल्याची तारीख आणि बुकिंगची तारीख दाखवतो, आणि या दोन तारखांमध्ये बिल बहुतांश काळ नुसते पडून असते. म्हणून आम्ही दोन आठवडे प्रत्येकाच्या टेबलावर एक तक्ता ठेवला आणि बिल हातात घेतल्याची व सोडल्याची वेळ त्यात लिहायची असे ठरवले. यावर विभागातील सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "मॅडम, हे उद्या आमच्यावरच उलटणार नाही ना?" शंका रास्त होती. तक्त्यावर नावे लिहायची नाहीत, फक्त बिलाचा प्रकार आणि मिनिटे लिहायची, असे ठरल्यावर आकडे प्रामाणिक येऊ लागले.

त्या तक्त्यातून जे दिसले ते पुढच्या साऱ्या मांडणीचा पाया ठरले. खरेदी आदेश, स्टोअर्सची माल-पावती म्हणजे जीआरएन आणि बिल, हे तिन्ही कागद जुळत असतील तर बिलाला साधारण ८ मिनिटे लागत होती. तिन्हींपैकी एक जरी जुळत नसेल, तर त्याच बिलाला ३० मिनिटे लागत, कारण मग खरेदी विभागाला फोन, स्टोअर्सला फेरी, पुरवठादाराला मेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच फाइल उघडणे हे सगळे आले. न जुळणाऱ्या बिलांचे प्रमाण ३० टक्के होते. म्हणजे महिन्याच्या १,६८० सरळ बिलांना २२४ तास आणि ७२० अडलेल्या बिलांना ३६० तास, असे एकूण ५८४ तास लागत होते. दुसऱ्या बाजूला चार जणांचे, रजा वजा जाता प्रत्येकी २२ दिवस आणि दिवसाला आठ तास धरले, तर ७०४ तास होतात. त्यातून टीडीएस, जीएसटीचा ताळमेळ, पुरवठादारांची खातेपुष्टी आणि लेखापरीक्षकांच्या शंका यांचे ठरलेले १५० तास काढले की बिलांसाठी ५५४ तास उरतात. काम ५८४ तासांचे आणि वेळ ५५४ तासांचा, ही तफावत दर महिन्याला ३० तासांची होती. ती संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून आणि सुटीच्या शनिवारी येऊन भरून निघत असे, म्हणून कागदावर ती कधी दिसलीच नव्हती.

येथे एखादा म्हणेल की ३० तासांच्या तुटीसाठी पूर्ण माणूस कशाला, चार तासांचा अर्धवेळ माणूस पुरेल. वित्तप्रमुखांनी हाच प्रश्न विचारला, आणि त्यासोबत त्याहून अवघड असा दुसराही. ते म्हणाले, "तुमचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या बिलांवर जातो. मग माणूस वाढवण्याऐवजी बिले जुळवून घ्या ना." हा प्रश्न टाळून लिहिलेला प्रस्ताव पुढच्या बैठकीतच परत आला असता. म्हणून मी न जुळणाऱ्या बिलांची कारणे पाहिली. सर्वांत मोठे कारण दराचे होते. पोलादाचे दर ठरावीक काळाने बदलतात, पुरवठादार नव्या दराने बिल देतो, पण संगणकातील खुल्या खरेदी आदेशावर जुनाच दर राहतो, आणि खरेदी विभाग तो सवडीने बदलतो. दुसरे कारण एककाचे होते, कारण आदेश नगांमध्ये असे आणि बिल किलोमध्ये येत असे. यातला दराचा भाग शिस्तीने सुधारता येण्यासारखा होता. खरेदी विभागाच्या प्रमुखांशी बसून आम्ही असे मान्य केले की दरबदलाचे पत्र आल्यापासून तीन दिवसांत आदेश दुरुस्त होईल. त्यामुळे न जुळणारी बिले ३० वरून २२ टक्क्यांवर येतील, असा अंदाज त्यांनी स्वतःच्या सहीने दिला. ती सही मला मुद्दाम हवी होती, कारण दुसऱ्या विभागाच्या कबुलीवर उभा असलेला आकडा त्या विभागाच्या तोंडून आला तरच बैठकीत टिकतो.

आता २२ टक्के धरून हिशेब पुन्हा केला, तर काम ५१४ तासांवर येते आणि उपलब्ध ५५४ तासांच्या तुलनेत ते सुमारे ९३ टक्के होते. वरवर पाहता प्रश्न सुटला, कारण काम वेळेत बसते. पण येथेच रांगेचे गणित आडवे येते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रस्तावात हाच भाग सर्वांत जास्त समजून घेण्याजोगा आहे. काम क्षमतेच्या जवळ पोहोचते तसा थांबण्याचा काळ सरळ रेषेत वाढत नाही, तो एकदम वर उसळतो. चाकणच्या तळेगाव चौकात गर्दीच्या वेळी थोडी वाहने वाढली की वाहतूक थोडी मंदावत नाही, तर ठप्प होते, तसेच हे आहे. सर्वांत साध्या नमुन्यात थांबण्याचा काळ हा भरलेल्या वेळेला मोकळ्या वेळेने भागून येणाऱ्या गुणोत्तराप्रमाणे बदलतो. ९३ टक्के भरलेल्या विभागात हे गुणोत्तर ९३ भागिले ७, म्हणजे सुमारे १३ येते. ८० टक्क्यांवर ते ४ असते आणि ७० टक्क्यांवर २.३. जॉन किंगमन या गणितज्ञाने १९६१ मध्ये मांडलेल्या सूत्रात याच गुणोत्तराला आणखी एका घटकाची जोड आहे, आणि तो म्हणजे काम किती अनियमितपणे येते आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ किती कमीजास्त होतो. आमच्याकडे जवळजवळ निम्मी बिले महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतात आणि एका बिलाला ८ तर दुसऱ्याला ३० मिनिटे लागतात, म्हणजे दोन्ही बाबतींत अनियमितता भरपूर आहे. चार जण एकाच रांगेतील बिले उचलत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडे या साध्या नमुन्यासारखे तंतोतंत येणार नाहीत, हे मी प्रस्तावात स्पष्ट लिहिले. पण आलेखाचा आकार तोच राहतो, आणि निर्णयाला आकार पुरेसा होता.

एक माणूस वाढवला की १७६ तास मिळतात आणि ठरलेली इतर कामे वाढत नाहीत, म्हणून उपलब्ध वेळ ७३० तास होतो. न जुळणारी बिले तशीच राहिली तर विभाग ८० टक्के भरलेला राहील, आणि तीही कमी झाली तर ७० टक्के. वित्तप्रमुखांपुढे मी माणूस की सुधारणा असा पर्याय ठेवला नाही. नुसती सुधारणा, नुसता माणूस आणि दोन्ही मिळून, अशा तीन ओळी ठेवल्या. ९३, ८० आणि ७० हे तीन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर अर्धवेळ माणसाचा प्रश्न आपोआप मागे पडला, कारण प्रश्न ३० तास भरून काढण्याचा नव्हता, महिनाअखेरीची लाट झेलण्यापुरता मोकळा वेळ राखण्याचा होता. मोकळा वेळ म्हणजे रिकामे बसलेले लोक, ही समजूत व्यवस्थापनात खोल रुजलेली आहे आणि ती एका बैठकीत जात नाही. तरी आलेख पाहून निदान वाद थांबला.

पुढचा भाग पैशांचा होता. उशिराची किंमत शोधायची तर आमच्या बाबतीत कायदाच हाताशी होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कराराप्रमाणे, पण कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. त्या वर्षी बहुतेक काळ बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. हे व्याज पुरवठादाराने मागितले नाही तरी लागू होते, ते हिशेबपत्रकात दाखवावे लागते, आणि आयकरात त्याची वजावटही मिळत नाही. लहान पुरवठादार पुढचे काम जाऊ नये म्हणून सहसा ते मागत नाहीत, पण आमच्या लेखापरीक्षकांनी त्या वर्षापासून तरतूद करायलाच लावली होती. त्यामुळे हा खर्च कल्पनेतला राहिला नव्हता, खात्यात दिसत होता.

यातील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. कायद्याचे ४५ दिवस माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजले जातात, आणि आमची प्रणाली देय तारीख बिल बुकिंगच्या दिवसापासून काढत होती. बुकिंगला अकरा कामाचे दिवस म्हणजे दिनदर्शिकेचे जवळजवळ दोन आठवडे गेले की ४५ दिवसांची मुदत प्रत्यक्षात साठीच्या घरात जात असे, आणि पडद्यावर मात्र सारे वेळेत दिसत असे. आम्ही आधारतारीख बदलून जीआरएनची केली. त्याला खर्च आला नाही, पण त्याने उशीर कमी झाला नाही, तो फक्त दिसू लागला. काही बिले बुक होतानाच मुदत उलटलेली निघू लागली.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची खरेदी महिन्याला सुमारे १ कोटी २० लाखांची होती. त्यातील ३० टक्के, म्हणजे ३६ लाखांची देयके सरासरी २० दिवस उशिरा जात होती. २०.२५ टक्क्यांनी त्याचे व्याज महिन्याला सुमारे ४० हजार आणि वर्षाला ४ लाख ८० हजार होते. हा आकडा तसाच लिहिण्याचा मोह मोठा होता, कारण नव्या माणसाचा वर्षाचा खर्चही जवळपास तेवढाच येत होता. पण सगळा उशीर आमच्या टेबलावरचा नव्हता. उशिरा गेलेल्या २०० बिलांचा नमुना काढून प्रत्येक बिलाचे दिवस कोठे गेले ते पाहिले, तेव्हा सुमारे ६० टक्के उशीर आमच्या विभागात होता. बाकीचा जीआरएन उशिरा झाल्यामुळे, गुणवत्ता तपासणीत माल अडकल्यामुळे किंवा आठवड्यातून एकदाच होणाऱ्या देयक मंजुरीमुळे होता. म्हणून मी ६० टक्क्यांवरच, म्हणजे २ लाख ९० हजारांवरच दावा केला.

दुसरी रक्कम सवलतीची होती. काही मोठे पुरवठादार तीस दिवसांऐवजी दहा दिवसांत पैसे दिल्यास एक टक्का सूट देतात, आणि आमच्या उशिरामुळे महिन्याला सुमारे ३० लाखांच्या बिलांवरची सूट हातची जात होती. म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. पण वीस दिवस आधी पैसे देण्यासाठी कंपनीला कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम उचलावी लागते, आणि नऊ टक्के व्याजाने वीस दिवसांचे जवळजवळ अर्धा टक्का होते. निव्वळ लाभ अर्ध्या टक्क्याचाच, वर्षाला १ लाख ८० हजार. त्यातीलही दोन तृतीयांशच सूट प्रत्यक्ष मिळेल असे धरून १ लाख २० हजार लिहिले. ट्रेझरी सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने हा हिशेब आधीच तपासला होता, त्यामुळे बैठकीत तो बोलला तो माझ्या बाजूने.

तिसरी रक्कम सुटीच्या दिवशीचा भत्ता, रात्रीची टॅक्सी आणि जेवण यांची, वर्षाला सुमारे एक लाख. तिन्ही मिळून ५ लाख १० हजार झाले.

या टप्प्यावर विभागातील एकाचा आग्रह होता की आयकराचा मोठा आकडाही घालावा. २०२३-२४ पासून लागू झालेल्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला थकीत असेल, तर त्या वर्षी तिची वजावट मिळत नाही. आमच्याकडे अशी ४० लाखांची बिले होती, आणि २५.१७ टक्क्यांनी त्यावरील कर १० लाखांच्या वर जातो. आकडा भरघोस दिसतो, पण पैसे दिले की वजावट त्या पुढच्या वर्षी मिळतेच. म्हणजे कंपनीचे १० लाख जात नाहीत, ते वर्षभर आधी भरावे लागतात, आणि त्याची किंमत ९० हजारांच्या आसपास येते. दहा लाखांची ओळ वित्तप्रमुखांनी पहिल्या मिनिटात कापली असती आणि मग बाकीच्या ओळींवरचाही विश्वास गेला असता. मी ही बाब तक्त्याखाली टिपेत लिहिली आणि बेरजेत धरली नाही. तसेच पैसे अडल्यामुळे एका पुरवठादाराने माल थांबवला आणि एक लाइन काही तास बंद राहिली, हेही नुसते नोंदवले, कारण त्याला रुपयांत बसवताना प्रत्येक विभाग वेगळा आकडा सांगत होता.

खर्चाच्या बाजूला तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा पगार महिन्याला ३० हजार धरला. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, विमा, बस, कॅन्टीन, संगणक आणि प्रणालीचा परवाना धरून वर्षाचा खर्च ४ लाख ८० हजार झाला, आणि पहिल्या वर्षी भरती संस्थेचे शुल्क व प्रशिक्षण धरून ५ लाख ४० हजार. म्हणजे पहिल्या वर्षी प्रस्ताव ३० हजारांनी तोट्यात होता आणि दुसऱ्या वर्षापासून तेवढ्यानेच फायद्यात. मी तो तसाच सादर केला. मनुष्यबळ विभागातील मॅडमनी फोन करून विचारले, "इतका काठावरचा हिशेब घेऊन जाणार आहात?" पण मी प्रत्येक आकडा आधीच कापून आणला होता, त्यामुळे वित्तप्रमुखांना कापायला काही उरले नव्हते, आणि चर्चा आकड्यांवरून पर्यायांवर गेली.

पर्यायांत दोनच गंभीर होते. कंत्राटदाराकडून तात्पुरता माणूस लगेच मिळाला असता, पण अंतर्गत लेखापरीक्षणाच्या नियमाप्रमाणे त्याला बिल बुक करण्याचे अधिकार देता येत नव्हते. तो फक्त कागद लावू शकला असता, आणि कागद लावण्यात वेळ जातच नव्हता. दुसरा पर्याय बिल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. त्याने ८ मिनिटांची कदाचित ३ मिनिटे झाली असती, पण ३० मिनिटांच्या बिलात टंकलेखनाचा वाटा नगण्य आहे. तेथे वेळ लोकांना विचारण्यात जातो. तरीही हा पर्याय मी फेटाळला नाही, न जुळणारी बिले २२ टक्क्यांच्या खाली आल्यावर त्याचा विचार व्हावा असे लिहिले.

मंजुरी मिळाली, पण कायम जागेला नाही. एक वर्षाच्या मुदतीच्या करारावर जागा द्यायची आणि सहा महिन्यांनी तीन गोष्टी तपासायच्या, असे ठरले: बुकिंगचे सरासरी दिवस, न जुळणाऱ्या बिलांचे प्रमाण आणि व्याजाची मासिक तरतूद. यातील दुसरी गोष्ट खरेदी विभागाच्या आढाव्यातही टाकावी, हा माझा आग्रह मान्य झाला.

वेळेचा हिशेब मात्र आम्हाला जड गेला, आणि हे अशा प्रत्येक प्रस्तावात आधी मांडावे असे मला वाटते. जागा मंजूर झाल्यापासून जाहिरात, मुलाखती आणि निवडलेल्या उमेदवाराची दोन महिन्यांची नोटीस, यात मार्चची अखेर उलटून गेली. ज्या ३१ मार्चसाठी सर्वाधिक निकड होती, ती आम्ही स्टोअर्समधून उसन्या घेतलेल्या एका मुलाच्या मदतीने काढली. तो जीआरएनच्या प्रश्नांची उत्तरे जागेवरच देत असे, आणि त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा बराच जास्त झाला.

नवीन सहकारी आल्यावर पहिले दोन महिने बुकिंगचे दिवस अकरावरून बारावर गेले. हे प्रस्तावात लिहिलेले होते, कारण शिकवणाऱ्याचे रोजचे दीड-दोन तास त्यात जातात आणि शिकणारा सुरुवातीला केवळ सरळ बिलेच करू शकतो. ते लिहिलेले नसते तर दुसऱ्याच महिन्याच्या आढाव्यात जागेवर प्रश्नचिन्ह लागले असते. चौथ्या महिन्यापासून आकडा उतरू लागला आणि सहामाही तपासणीला तो सहा दिवसांवर होता, म्हणजे उद्दिष्टापेक्षा अजून एक दिवस जास्त. न जुळणारी बिले २५ टक्क्यांवर अडकली होती, कारण एककाचा घोळ दोन मोठ्या पुरवठादारांच्या बाबतीत सुटलेला नव्हता. व्याजाची तरतूद मात्र निम्म्याहून खाली आली होती. वित्तप्रमुखांनी करार पुढे चालू ठेवला आणि कायम करण्याचा निर्णय वर्षअखेरीवर ढकलला. सध्या आम्ही त्या दोन पुरवठादारांचे खरेदी आदेश किलोमध्ये बदलून घेण्याच्या मागे आहोत.